हवा तीच, मग दुपारी निळी आणि संध्याकाळी लाल कशी?

प्रश्न: दिवसा आकाश निळं का दिसतं आणि मावळताना सूर्य लाल का होतो? हवा तर दोन्ही वेळी तीच असते ना? शिवाय हवेला स्वतःचा रंग नाही. मुलीने विचारलं आणि मी अडकलो.

उत्तर:

हवा तीच असते, पण सूर्याचा किरण तिच्यातून किती लांब येतो हे बदलतं. सगळा फरक त्या अंतराचा आहे.

मी कोकणातल्या एका शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. हा धडा आला की फळ्यावर काही लिहिण्याआधी मी माशांची काचेची पेटी टेबलावर ठेवायचो. मुलीला हे घरीच दाखवा. हातभर लांबीची पेटी पाण्याने भरा, खोलीत अंधार करा आणि एका टोकाकडून विजेरीचा झोत आत सोडा. पाणी स्वच्छ असेल तर बाजूने झोत जवळजवळ दिसतच नाही. आता साय काढलेल्या दुधाचे चार-पाच थेंब टाकून ढवळा. बाजूने पाहिलं तर झोताची वाट फिकट निळसर दिसू लागते. मग समोरच्या टोकाला जाऊन पाण्यातून थेट विजेरीकडे पाहा, ती पिवळसर झालेली असते. आणखी थोडे थेंब टाकले की नारिंगी होते. पाणी एकच, दूध एकच, पण बाजूने निळं आणि समोरून नारिंगी.

दुधातले बारीक कण प्रकाशाला धक्का देऊन चहूबाजूंना उधळतात. निळा प्रकाश जास्त उधळला जातो, म्हणून बाजूला तोच जास्त येतो. सरळ पुढे जाणाऱ्या झोतातला निळा कमी होत जातो आणि उरतो तो पिवळा-तांबडा. हवेत हेच काम नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू करतात. त्यांना रंग नसला तरी चालतं, कारण ते रंग शोषत नाहीत, फक्त प्रकाशाची दिशा बदलतात.

निळाच जास्त का, याचा हिशेब इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅली यांनी १८७१ साली मांडला. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच लहान असेल तर विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होतं. निळ्याची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर धरा, लाल प्रकाशाची ६५०. भागाकार येतो १.४४, आणि त्याचा चौथा घात सव्वाचारच्या वर जातो. म्हणजे हवा लाल प्रकाशाच्या चौपटीहून जास्त निळा विखुरते. जांभळा तर त्याहूनही जास्त विखुरतो, पण सूर्यप्रकाशात तो मुळात कमी असतो आणि आपल्या डोळ्याला तो फारसा जाणवत नाही. म्हणून सगळं मिळून आपल्याला निळं दिसतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. सूर्य डोक्यावर असताना स्वच्छ हवेतून निळ्या प्रकाशाच्या १०० भागांपैकी साधारण ८० सरळ आपल्यापर्यंत पोचतात, तर लाल प्रकाशाचे ९५. गळलेले २० आणि ५ भाग विखुरतात, आणि त्यातला जो प्रकाश खाली येतो ते आपलं निळं आकाश. सूर्याच्या सरळ येणाऱ्या प्रकाशातून गेलेलं एवढं थोडं असतं, म्हणून दुपारी सूर्य पांढराच राहतो.

सूर्य क्षितिजाला टेकला की किरण जमिनीला जवळजवळ समांतर येतो. तेव्हा तो दुपारच्या मानाने सुमारे ३८ पट हवा ओलांडतो. इथे मुलं हटकून चुकायची, ३८ ने नुसता गुणाकार करायची. तसं होत नाही. दुपारच्या हवेइतका एक थर, असे ३८ थर धरा; प्रत्येक थरात उरलेल्यातला तेवढाच हिस्सा जातो. पहिल्या थरानंतर १०० चे ८०, दुसऱ्यानंतर ८० चे ६४, तिसऱ्यानंतर ५१. असे ३८ थर झाले की निळ्याच्या १०,००० भागांपैकी जेमतेम २ उरतात. लाल प्रकाश मात्र दर थराला ५ टक्केच गमावतो, म्हणून ३८ थरांनंतरही त्याच्या १०० पैकी १४ भाग शिल्लक असतात. दुपारी ८० विरुद्ध ९५ एवढाच असलेला फरक संध्याकाळी जवळपास सातशेपट होतो. कॅल्क्युलेटरवर मुलीला ०.८ ला ०.८ ने गुणत जायला सांगा, आकडा कसा घसरतो ते तिला स्वतःला दिसेल.

हा हिशेब निव्वळ हवेचा आहे. धूळ, धूर, समुद्राचा खार असला की तो बदलतो. कण मोठे झाले की ते सगळे रंग सारखेच विखुरतात आणि निळेपणा धुऊन जातो. आमच्या वर्गात एकदा एका मुलाने उत्साहाने अर्धा पेला साईचं दूध पेटीत ओतलं आणि सगळं पांढरंफट झालं, ना निळं ना नारिंगी. मुलं हिरमुसली, पण मला ते हवंच होतं, कारण ढग पांढरा का दिसतो ते त्या पेटीत समोर होतं. साईचं दूध घेऊ नका ते याचसाठी, स्निग्धाचे गोळे मोठे असतात. पावसाळ्यात दोन-चार दिवस धो धो पडून उघडीप मिळाली की आकाश जे लख्ख निळं दिसतं, ते हवेतली धूळ धुऊन गेल्यामुळे.

समुद्राच्या प्रतिबिंबामुळे आकाश निळं असं पुष्कळ जण सांगतात. तसं असतं तर विदर्भात आकाश निळं दिसलं नसतं. गंमत म्हणजे रॅली यांचं म्हणणं उलट होतं, की समुद्राची गडद निळाई हे आकाशाचं प्रतिबिंब. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन युरोपहून बोटीने परतत होते. त्यांनी परावर्तित चमक अडवणाऱ्या निकोल लोलकातून पाणी पाहून पृष्ठभागावरचं प्रतिबिंब पुसून टाकलं, तरी खालची निळाई गेली नाही. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे सांगणारं पत्र त्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकासाठी लिहिलं, आणि त्यावर ठिकाण आहे मुंबई बंदरात उभी असलेली नारकुंडा ही बोट.

एक गोष्ट मुलीला किनाऱ्यावर नेऊन सांगा. रत्नागिरीला सूर्य टेकला की तुमच्या डोळ्यात येणारा किरण अरबी समुद्रावरून सपाट येत असतो. २०० किलोमीटर पश्चिमेला तो पाण्यापासून सुमारे ३ किलोमीटर उंचीवरून गेलेला असतो. तिथे एखादं जहाज असेल, तर त्याच्यासाठी सूर्य मावळायला अजून सात-आठ मिनिटं आहेत. त्या किरणातून गळालेला निळा प्रकाश त्या जहाजावरच्या माणसांना डोक्यावर आकाश म्हणून दिसतो आहे, आणि तो तिथे सांडल्यामुळे तुमच्यापर्यंत लाल सूर्य पोचतो आहे.