पूरक : तार आणि फट

«बाबिनेच्या तत्त्वात तार आणि तेवढ्याच रुंदीची फट यांना 'पूरक' म्हणतात. पण पूरक आहार, पूरक व्यवसाय यांतला पूरक म्हणजे जोड देणारा. तार उजेड अडवते, फट सोडते. मग 'विरुद्ध' म्हणायला नको का? आणि दोघांमुळे भिंतीवर उमटणारी उजेड-अंधाराच्या पट्ट्यांची नक्षी एकच कशी?»

इथला पूरक जोडधंद्यातला नाही, गणितातल्या पूरक संचातला आहे. विश्वसंचातून एक संच काढला की उरतो तो त्याचा पूरक. तार जेवढी जागा झाकते, नेमकी तेवढीच फट उघडी ठेवते; दोन्ही मिळून अख्खी खिडकी भरते. 'विरुद्ध' म्हटलं की ही भरण्याची गोष्ट हरवते, आणि बाबिनेचा सगळा युक्तिवाद त्या बेरजेवरच उभा आहे. (नाव फ्रेंच आहे, शेवटचा ट मुका, 'बॅबिनेट' नको.)

लेझरचा झोत मोकळा सोडला तर समोरच्या भिंतीवर एक ठिपका पडतो, बाजूला अंधार. आता झोताचे मनातल्या मनात दोन भाग करा: फटीएवढ्या जागेतून आलेला आणि उरलेल्या जागेतून, म्हणजे तारेच्या दोन्ही अंगांनी आलेला. ठिपक्याबाहेरच्या कुठल्याही बिंदूवर या दोन तरंगांची बेरीज मोकळ्या झोताएवढी, म्हणजे शून्य यायला हवी. बेरीज शून्य असेल तर एक तरंग दुसऱ्याच्या नेमका उलटा: एकाचा उंचवटा तिथे दुसऱ्याचा खळगा. तुमचा 'विरुद्ध' इथे खरा ठरतो, पण तो तरंगांना लागू, वस्तूंना नाही. डोळ्याला दिसते ती तीव्रता, आणि ती परमप्रसराच्या, म्हणजे तरंगाच्या उंचीच्या, वर्गाच्या प्रमाणात असते. वर्ग केला की उणे चिन्ह गळून पडतं, म्हणून पट्टे तेच. तीव्रतांचीच बेरीज करायला गेलात तर उजेड अधिक उजेड बरोबर अंधार, असं काहीतरी हाती येईल. बरेच जण इथेच अडकतात.

घरी करायचं तर तारेऐवजी डोक्याचा केस ताणून लाल लेझरसमोर धरा. तरंगलांबी 650 नॅनोमीटर, केस 0.08 मिलिमीटर, भिंत 2 मीटरवर. मधोमधपासून पहिला काळा पट्टा तरंगलांबी × अंतर ÷ रुंदी, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटरवर पडतो. 0.08 मिलिमीटरच्या फटीचाही तिथेच. पट्टा 13 मिलिमीटरवर आला, तर केस 0.1 मिलिमीटर जाड.

मधल्या ठिपक्यावर मात्र हे सगळं लागू नाही. तिथे मोकळा तरंग शून्य नसतो. केसाच्या बाबतीत केसाला चुकवून आलेला झोत तिथे भगभगीत दिसतो, फटीच्या बाबतीत तेवढा उजेड पोचतच नाही. झोत केसापेक्षा बराच रुंद हवा, तोही याचसाठी: झोत बारीक असला तर त्याचा ठिपकाच पसरून पट्टे गिळतो.

राहिली भूमितीची अडचण. पाठ्यपुस्तकात 'पूरक कोन' म्हणजे बेरीज 180 अंश, आणि 90 भरणाऱ्यांना 'कोटिकोन'. तार-फटीसारख्या पडद्यांसाठी इंग्रजीतून आलेलं complementary हे विशेषण कोटिकोनांचं आहे, तरी 'कोटिपडदे' कुणी म्हणू नये.