लिफ्टमध्ये काकू 'हाय' म्हणतात तेव्हा

प्रिय,

तुझा मोठा मेसेज नीट वाचला. लेक एक वर्ष दहा महिन्यांची, घरात अखंड बडबड, आणि लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या काकू 'हाय बेबी' म्हणाल्या की तुझ्या कुर्त्यात तोंड खुपसते. तू म्हणतेस 'हाय कर ना काकूंना', ती आणखी आत शिरते, काकू म्हणतात 'लाजते वाटतं', आणि घरी आल्यावर वळण कधी लावणार हा प्रश्न तुझ्याच पदरात पडतो. ठाण्यात आता सगळेच टॉवरमध्ये राहायला गेले आहेत. नौपाड्यातल्या बालवाडीत शिकवत होते तेव्हापासून ही तक्रार मी ऐकत आले आहे, आणि आजकाल ती बहुतेक वेळा लिफ्टमध्येच सुरू होते. त्यामुळे मीही लिफ्टबद्दलच लिहिते.

आधी त्या काही क्षणांत तिच्या बाजूने काय चालतं ते बघ. दार उघडतं, एक मोठं माणूस आत येतं आणि वरून तिच्याकडे वाकून बघतं. तिला आधी ते माणूस ओळखायचं असतं. मग ती तुझ्या चेहऱ्याकडे बघते. आईला हे माणूस बरं वाटतंय का, हे मूल वर्षाच्या आसपासपासून असं चेहऱ्यावरून वाचायला लागतं. त्यानंतर हात हलवायचा, हसायचं की शब्द बोलायचा हे ठरतं, आणि मग हात उचलला जातो. मोठ्या माणसांच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो. दोन वर्षांच्या मुलाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि समोरचं माणूस फारसं ओळखीचं नसेल तर आणखी. ती तिसऱ्या पायरीवर असते तेवढ्यात काकूंचं दुसरं वाक्य येतं, त्यावर तुझं 'हाय कर ना' येतं, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वरून सगळ्यांच्या नजरा तिच्यावर असतात. अशा वेळी तोंड लपवणं हाच तिला जमणारा एकमेव मार्ग असतो.

गेटवरच्या सिक्युरिटी काकांना ती सॅल्यूट करते असंही तू लिहिलं आहेस. त्यावरून तू काढलेला 'म्हणजे येतं तिला, मुद्दाम करत नाही' हा निष्कर्ष मला पटत नाही. गेटवर जागा रोज तीच, माणूस तोच, खूण तीच. काका चार पावलं लांब उभे असतात, ते आधी सॅल्यूट करतात आणि गंमत म्हणून उत्तरासाठी थांबतात. ती तुझ्या कडेवर असते, मागे सरकायला मोकळी जागा असते. लिफ्टमध्ये यातलं काहीच नाही. तेव्हा गेटवर जे आपोआप जुळून आलं आहे ते लिफ्टमध्ये आपण मुद्दाम आणायचं, एवढंच काम आहे.

उद्या लिफ्टमध्ये शिरताना तिला कडेवर घे. चेहरे एका उंचीवर येतात आणि वरून रोखलेली नजर निम्मी होते. तिचं तोंड काकूंच्या बरोबर समोर न आणता जरा आडवं ठेव, म्हणजे तिला हवं तेव्हा बघता येईल आणि नको तेव्हा तुझ्या खांद्यावर विसावता येईल. मग तू स्वतः काकूंना मनापासून नमस्कार कर, नाव घेऊन, हात जोडून किंवा हलवून, तिला दिसेल असा. 'नमस्कार काकू, आज लवकर निघालात?' एवढं पुरे. आणि मग थांब. लेकीकडे टक लावून थांबू नकोस, काकूंशीच बोलत राहा, पण मनात दहापर्यंत आकडे मोज. दहा आकडे लिफ्टमध्ये फार लांब वाटतात. तरी मोज.

त्या दहा आकड्यांत काहीतरी होतंच. ती एक डोळा बाहेर काढून बघेल, ओठ हलवेल, किंवा बोट काकूंच्या पिशवीकडे करेल. हे सगळं उत्तरच आहे आणि ते काकूंपर्यंत पोचवणं तुझं काम. 'बघितलं हं तिने तुम्हाला', 'तुमची पिशवी दाखवतेय' असं तू बोललीस की काकूंनाही कळतं की मुलीने दखल घेतली, आणि लेकीला कळतं की आपलं छोटंसं करणंही पोचतं. 'ती ना लाजाळू आहे' हे वाक्य मात्र तिच्यासमोर बोलू नकोस. या वयाची मुलं आपल्याबद्दल जे बोललं जातं ते उचलतात, आणि पुढे लाजायचं कसं तेच शिकतात. त्याऐवजी 'तिला थोडा वेळ लागतो' म्हण. ते खरंही आहे आणि त्यात पुढे बदलायला जागाही आहे.

'हाय कर' का टाळायचं, तेही सांगते. रोज आधी तुझी सूचना आणि मग तिचा हात, असा क्रम बसला की समोरचं माणूस ही तिची खूण उरत नाही, तुझी सूचना ही खूण होते. अशी मुलं बालवाडीत दारात उभी राहून आईच्या तोंडाकडे बघत राहतात. काही तर समोरच्या ताईंनाच 'हाय कर' म्हणतात, कारण त्यांच्या कानावर माणूस भेटलं की हेच शब्द पडलेले असतात. तिचं मनगट धरून हात हलवणं तर नकोच. तो हात तिचा नसतो, आणि ती तो सैल सोडून देते. फारच वाटलं तर एकदाच, हलक्या आवाजात विचार: 'टाळी द्यायची की हात हलवायचा?' उत्तर आलं नाही तर विषय तिथेच सोड, 'आम्ही दोघी निघतो काकू' म्हणून तूच दोघींच्या वतीने हात हलव.

निरोप मात्र आधी जमेल, त्याची तयारी ठेव. बहुतेक मुलं वर्षाच्या आसपास टाटा करायला लागतात, कारण निरोपात डोळ्यांना दिसणारं काहीतरी घडतं: माणूस निघतं, दार लागतं. शिवाय तोपर्यंत ते माणूस अर्धं मिनिट तरी बघून झालेलं असतं. तुझ्या लिफ्टमध्ये बहुधा असं होईल की काकू बाहेर पडतील, दार लागेल, आणि मग ही हात हलवेल किंवा 'बाय' म्हणेल. तेव्हा 'आता काय उपयोग, गेल्या त्या' असं कुणालाही म्हणू देऊ नकोस. तिचं उत्तर तयार व्हायला जेवढा वेळ लागला तेवढा लागला. 'हो, काकूंना बाय केलंस, उद्या परत भेटतील' म्हण. आणि एकदा काकूंना बाजूला गाठून सांग की बाहेर पडल्यावर दाराबाहेर क्षणभर वळून उभ्या राहा. तिचा उशिरा आलेला हात एकदा जरी त्यांना दिसला आणि त्यांनी परत हात हलवला, तरी पुढचं पुष्कळ सोपं होतं. तिथे टाळ्या वाजवून 'शाब्बास' मात्र नको. काकूंचं हसू हेच तिच्या हाताचं उत्तर आहे. आपण टाळ्या वाजवल्या की तिचं लक्ष काकूंवरून आपल्याकडे येतं.

किती दिवस लागतील, असं विचारशील. ते स्वभावावर आहे. न्यूयॉर्कमध्ये 1956 साली थॉमस आणि चेस या डॉक्टर दांपत्याने मुलांच्या स्वभावाचा दीर्घकाळ अभ्यास सुरू केला. त्यात सुमारे 15 टक्के मुलं हळूहळू रुळणारी निघाली: नव्या माणसापासून आधी मागे सरकणारी आणि पुन्हापुन्हा भेट झाली की आपणहून पुढे येणारी. तुझी लेक त्यातली असू शकते. शिवाय अनोळखी माणसांची भीती आठ-नऊ महिन्यांपासून सुरू होते आणि दोन वर्षांच्या सुमाराला ओसरू लागते, म्हणजे ती अजून त्या काळातच आहे. शब्दाने केलेल्या नमस्काराची तर इतक्यात अपेक्षाच धरू नकोस. ग्रीफ आणि ग्लीसन या संशोधकांनी 1980 साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली बहुतेक मुलंसुद्धा 'हाय' किंवा 'बाय' आपणहून म्हणत नव्हती, आणि 'थँक यू' तर फारच क्वचित.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेव. नमस्कार न करणं ही काळजीची गोष्ट नाही, पण त्याच्या अवतीभवती काय आहे ते बघायचं. मागून नावाने हाक मारली की ती वळते का? तू बोट दाखवलंस तिकडे बघते का? विमान दिसलं की ते तुला दाखवण्यासाठी स्वतः बोट करते का? घरातल्या माणसांना तरी टाटा करते का? तुझ्या मेसेजवरून हे सगळं ती करते, म्हणून मी निश्चिंत आहे. हे नसतं, किंवा आधी येत असलेलं बंद झालं असतं, तर मी तुला लिफ्टच्या युक्त्या सांगत बसले नसते. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन कान तपासून घ्यायला आणि विकासाची चाचणी करून घ्यायला सांगितलं असतं. कधीकधी 'लाजते' म्हणून सोडून दिलेल्या मुलाला ऐकूच कमी येत असतं.

आता राहिले गावाकडून येणारे आजी-आजोबा. तिथे गाठ फक्त नमस्काराची नाही, 'पापा दे' आणि 'वाकून नमस्कार कर'ची आहे. मान धरून वाकवायचं नाही आणि कुणाच्या मांडीवर उचलून द्यायचं नाही, यावर तू ठाम राहा. अंगाला हात कुणी लावायचा यात तिचा होकार असायला हवा. पण हे ते आल्यावर दारात सांगू नकोस, त्यांना अपमान वाटेल. ते निघायच्या आधीच फोनवर सांग: 'बाबा, ती आल्याआल्या जवळ येणार नाही. तुम्ही आधी बसून चहा घ्या, तिच्याकडे फार बघू नका, हातात काहीतरी ठेवा.' आजोबांना म्हणावं चष्म्याची डबी उघडत-मिटत बसा, किंवा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसा. ती आधी डबीजवळ येईल, मग हाताजवळ, मग आजोबांजवळ. आणि त्यांच्या पाया तू आणि तुझा नवरा पडताना ती जवळपास असेल असं बघ. ती तेव्हा काहीच करणार नाही, पण सगळं बघत असेल.

लिफ्टमध्ये काय झालं ते आठवड्याभराने कळव. काकूंचं नाव काढल्यावर ती घरी काही खूण करते का, तेही लिही.

तुझी,
बालवाडीच्या ताई