जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरच्या बॉलपेनच्या रेघा कशा काढाव्यात?

प्रश्न: आजोबांचा एकुलता एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. भाच्याने निळ्या बॉलपेनने त्यांच्या चेहऱ्यावरच रेघोट्या मारल्यात. सॅनिटायझरने पुसू का?

उत्तर: नका पुसू, कृपया. जुन्या फोटोची प्रतिमा जिलेटिनच्या पातळ थरात असते. सॅनिटायझरमधल्या पाण्याने तो थर फुगतो, मऊ पडतो आणि बोळा फिरवला की खरवडला जातो. त्यातल्या अल्कोहोलने बॉलपेनची शाई विरघळते खरी, पण निघून जाण्याऐवजी आजूबाजूला पसरते, आणि बारीक रेघेचा निळसर डाग होतो. शिवाय त्या काळी स्टुडिओवाले ब्रशने रिटचिंग करत, तेही पुसलं जाऊ शकतं.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार सोयीची आहे: फोटो काळा-पांढरा आहे आणि शाई निळी. म्हणून मूळ फोटोला हात न लावता आधी स्कॅन करा. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन कलरमध्येच हवं, 600 डीपीआयला, आणि फाइल टिफमध्ये. ग्रेस्केल निवडलंत तर शाई आणि फोटो यांतला फरक तिथेच संपतो.

आता फाइल गिंपमध्ये उघडा (हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं). `Colors > Components > Decompose` मध्ये जाऊन `RGB` निवडा. लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे होतील. लाल थरात रेघ काळीकुट्ट दिसेल, कारण निळी शाई लाल प्रकाश शोषून घेते. निळा प्रकाश मात्र ती बराचसा परत पाठवते, म्हणून निळ्या थरात तीच रेघ फिकट होते. कपाळ आणि गाल अशा उजळ भागांत तर ती जवळपास नाहीशी होते. तेवढाच थर ठेवा. लाल शाई असती तर लाल थर ठेवला असता. काळ्या शाईला हा उपाय चालत नाही.

माझ्या मावशीच्या लग्नाच्या फोटोत रेघ डोळ्यावरून ओठापर्यंत गेली होती. निळ्या थरात गालावर फक्त पुसट सावली उरली, ती `Heal` टूलने गेली. ब्रश रेघेपेक्षा किंचितच जाड ठेवायचा आणि नमुना अगदी शेजारच्या त्वचेवरून घ्यायचा. डोळ्यात मात्र `Heal` वापरू नका, बुबुळाची कड फिसकटते. तिथे `Dodge` टूलने रेघ हळूहळू उजळत न्या.

फोटो पिवळा पडला असेल तर निळा थर गडद आणि खरखरीत येतो. त्यासाठी `Curves` ने उजेड वाढवा. पेन दाबून चालवलं असेल तर कागदावर खाच उमटते आणि स्कॅनरच्या एका बाजूच्या उजेडात तिची सावली पडते. ही सावली कुठल्याच थरात जात नाही. अशा वेळी फोटो काटकोनात फिरवून पुन्हा स्कॅन करा आणि ज्यात खाच कमी दिसेल ते स्कॅन घ्या.