आधी पाय बघ

अगं पोरी,

तुझं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी सारसबागेत तेच डोक्यात घोळवत दोन चकरा मारल्या. ९९९ रुपयांचा रनिंग शू, पन्नाशीच्या आसपासची फिरायला येणारी माणसं आणि जाहिरातीसाठी तुझ्या तीन हेडलाइन्स. त्यातली कोणती ठेवू, असं तू विचारतेस. एकही नको. ‘वय हा फक्त आकडा’ नको, ‘धाव नव्या उमेदीने’ नको. ‘गुडघेदुखीला करा रामराम’ तर मुळीच नको. त्या तिसरीबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण ती मला झोंबली.

पहिल्या दोन का नकोत, ते तुला कळतंय. म्हणून तर तू गोंधळलीस. तुझी अडचण वेगळीच आहे. तू लिहायला बसलीस तेव्हा तुझ्यासमोर एकही पाय नव्हता. बुटाचा फोटो होता, क्लायंटचा ब्रीफ होता, ‘टार्गेट ऑडियन्स, ४५ ते ६०’ होतं. अगं, आधी पाय बघ. कुणाला चपलेचं लिहायचं असो, मोज्याचं असो की बुटाचं, मी गेली तीस वर्षं हेच सांगत आले आहे आणि तीस वर्षं लोक मला सांगत आले आहेत की ताई, तेवढा वेळ नसतो. वेळ काढावा लागतो.

आज मी तळ्यातल्या गणपतीच्या पायऱ्यांपाशी पंधरा मिनिटं बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय पाहिले. साडीखाली बूट होते, सलवारीखाली सँडल. एका काकांच्या पायात पोपटी पट्ट्यांचे, एकेकाळी महाग असावेत असे बूट होते. पाठीमागून पाहिलं तर दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूला कललेल्या. ते बूट त्यांनी स्वतःसाठी घेतलेले नव्हतेच. असे पाय तुला दहा मिनिटांत चार-पाच तरी दिसतील. मुलगा नोकरीला लागला, त्याने नवीन घेतले, जुने घरात पडले होते, ‘टाकायचे कशाला’ म्हणून बाबांनी घातले.

आता मला सांग, तुझ्या बुटाची स्पर्धा कोणाशी आहे? क्लायंटने तुला चार कंपन्यांची यादी दिली असेल. ती फाडून टाक. तुझी स्पर्धा आहे मुलाच्या जुन्या बुटाशी, आणि तो फुकट आहे. फुकटच्या पुढे ९९९ रुपये स्वस्त नसतात, म्हणून ‘परवडणारा’ हा शब्द त्या काकांना काहीच सांगत नाही. त्यांना सांगायला हवं की फुकटच्या बुटात काय बिघडलंय.

काय बिघडलंय, तेही पाय बघितल्यावरच कळतं. बुटाच्या मधल्या थरात जो फोम असतो, बहुतेक स्वस्त-महाग बुटांत ईव्हीए नावाचा, त्यात हवेचे बारीक कप्पे असतात. रोज वजन पडून पडून ते चेपतात आणि परत पूर्ण फुगत नाहीत. धावणारी माणसं साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बूट बदलतात ते यासाठी. वरून कापड धडधाकट दिसतं, आतला फोम मेलेला असतो. शिवाय तो चेपला गेलेला असतो मुलाच्या चालीप्रमाणे, मुलाच्या वजनाप्रमाणे. ओळखायचं कसं? बूट टेबलावर ठेव आणि मागून बघ, टाच सरळ उभी आहे की कललीय. मग बाजूने बघ, फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्यात का. शेवटी टाचेपाशी फोमच्या बाजूला अंगठा दाबून बघ. नवा फोम दबतो आणि वर येतो, मेलेला कडक लागतो.

हा अंगठा म्हणजे तुझी जाहिरात आहे. बाबा चहा पिता पिता दारातला बूट उचलून दाबून बघू शकतात, दुकानात न जाता. मी असं लिहीन:

मुलाचे बूट घालून फिरताय?
टाचेपाशी अंगठा दाबून बघा.
कडक लागला, तर त्या बुटाचं चालून झालंय.

तू म्हणशील, यात आपल्या बुटाचं नाव कुठाय. खाली येतंच, किमतीसकट. पण आधी माणसाने अंगठा दाबायला हवा. त्याने दाबला की उरलेलं तो स्वतःच वाचतो.

आता ती तिसरी ओळ. मी तुझ्यापेक्षा थोडी मोठी असताना एका पादत्राणं विकणाऱ्या क्लायंटसाठी जवळजवळ हेच लिहिलं होतं. ‘गुडघे विसरा, चालत राहा.’ ओळ गाजली, मला पगारवाढ मिळाली. वर्षभराने कळलं की माझ्या आत्याने माझी जाहिरात म्हणून कौतुकाने ते जोड घेतले, दुखत्या गुडघ्यावर रोज फिरत राहिली आणि डॉक्टरकडे जायचं आठ महिने टाळलं. ‘तूच लिहिलंयस ना’, म्हणाली. रागावली नव्हती ती, त्याचाच जास्त त्रास झाला. त्या दिवसापासून दुखण्यावर इलाज सांगणारी एकही ओळ मी लिहिली नाही. एका कंपनीचं काम त्यापायी हातचं गेलं, तेव्हाच्या साहेबांनी मला हट्टी ठरवलं. मी हट्टीच होते आणि बरोबर होते. आजही त्याबद्दल माझं मन डळमळत नाही.

क्लायंट म्हणेल, सगळे लिहितात. त्याला अमेरिकेतली दोन प्रकरणं सांग. नुसतं चाललं की पायांचे स्नायू घट्ट होतात, असं सांगून तिथे ‘टोनिंग शूज’ विकले गेले. त्या दाव्यांवरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. २०११ साली रीबॉकला अडीच कोटी डॉलर द्यावे लागले आणि २०१२ साली स्केचर्सला चार कोटी. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या आहेत. खाली बारीक अक्षरात ‘परिणाम व्यक्तीनुसार वेगळे’ असं लिहून सुटताही येत नाही. दावा ज्या भाषेत आणि ज्या अक्षरात, खुलासाही त्याच भाषेत आणि त्याच अक्षरात हवा.

मग बुटाबद्दल काय लिहायचं? जे आहे ते. त्यासाठी बूट हातात घे, पण डोळ्यासमोर पाय ठेव. वयाबरोबर पाऊल पसरतं, पुढचा भाग रुंद होतो. तिशीत सातचा नंबर बसायचा म्हणून माणूस पन्नाशीतही सातच मागतो आणि करंगळी चेपून घेतो. बायकांचं तर विचारू नकोस. रुंदीसाठी पुरुषांचा जोड घेतात आणि टाच मागे सटकत राहते. तुझा बूट पुढून खरंच रुंद असेल, तर तीच तुझी दुसरी ओळ. नसेल तर लिहू नकोस. बूट चवड्यापाशी वाकतो की मधोमध? पाऊल जिथे वाकतं तिथेच बूट वाकायला हवा. मध्येच घडी पडत असेल तर तो चालायलाही बरा नाही, धावणं सोडच. तळाला रबर आहे की नुसता फोम? किंमत खाली आणायला बरेचदा रबर गाळतात किंवा दोन तुकडे चिकटवतात. पावसाळ्यात ओल्या फरशीवर नुसता फोम सरकतो. ‘घसरणार नाही’ कधीच लिहू नकोस. ‘टाचेखाली आणि चवड्याखाली रबर’ असं लिही, असेल तर.

‘रनिंग शू’ या शब्दावरही तू अडलीयस. ही माणसं धावत नाहीत. चालणारा माणूस टाचेवर उतरतो आणि धावण्याच्या बुटात टाचेखाली फोम जाड असतो, म्हणून तो चालायलाही चालतो. तेवढं एका वाक्यात सांग आणि पुढे जा. धावायला लावू नकोस त्यांना.

आता एक गोष्ट, जी ऑफिसात बसून कुणालाच सुचणार नाही. सकाळी फिरायला येणारा माणूस वाचायचा चष्मा घरी ठेवून येतो. तुझा बोर्ड गेटपाशी लागणार, उजाडताना. तिथे तुझ्या सात ओळी कोण वाचणार? तीन ओळी, हातभर अक्षरं. आणि दुकानं तर तेव्हा बंद. क्लायंटला ही मोठी अडचण वाटते, त्याने म्हणे बागेबाहेर टेबल मांडून सकाळीच बूट विकायचं ठरवलंय. तसं करू देऊ नकोस. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घालून बघायचा असतो, मोजे घालून, उभं राहून, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून. सकाळी घेतलेला जोड संध्याकाळी चावतो आणि परत येतो. म्हणजे दुकान बंद असणं हेच तुझं शेवटचं वाक्य:

बूट संध्याकाळी घालून बघा. तेव्हाच पायाचं खरं माप कळतं.

खाली दुकानाचा पत्ता, किंमत ९९९. हे वाक्य खरं आहे, उपयोगाचं आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा बूट घेणाऱ्यालाही उपयोगाचं आहे. याच कारणासाठी क्लायंट ते कापायला सांगेल. भांड त्याच्याशी. मी भांडले नाही अशा जागा मला अजून आठवतात, भांडले त्या नाही.

मधुमेह असलेल्यांबद्दल तू विचारलंस, ते बरं केलंस. त्यांच्यातल्या काहींच्या तळव्याला संवेदना कमी असते, बूट चावला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांच्यासाठीचा बूट वेगळा असतो, डॉक्टरांना विचारून घ्यायचा. आपला बूट त्यांच्यासाठी आहे असं सुचवणारा शब्दही नको, फोटोही नको.

रबराचं मात्र मला फोटोवरून कळेना. शनिवारी सकाळी सहाला सारसबागेच्या गेटपाशी ये, एक जोड घेऊन. आठ नंबर आण, माझा तोच आहे. फरशीवर पाणी ओतून चालून बघू आणि मग तळाची ओळ लिहू.

तुझी,
ताई