भजनाला जाहिरात चालेल, आरतीला नको

*आम्ही फोंडा तालुक्यातले. मी निवृत्त शिक्षक, भजने म्हणतो. घुमट, शामेळ आणि पेटीवर माझे तीन मित्र असतात, चित्रण मुलगा करतो. यूट्यूब चॅनेलला 14 हजार सदस्य झालेत. महिन्याला साठेक हजार व्ह्यूज असतात, चतुर्थीच्या महिन्यात घुमट आरत्यांमुळे तीन लाखांवर जातात. माईक, इंटरनेट, मित्रांचा प्रवास, चहापाणी धरून वर्षाला 18 हजार खिशातून जातात. मुलगा म्हणतो, जाहिराती सुरू करूया. पत्नी म्हणते, देवाच्या नावावर पैसे कसले घेता? शिवाय दोन वर्षांपूर्वी मीच एका व्हिडिओत “इथे कधी जाहिरात दिसणार नाही” असे बोलून बसलोय. काय करावे, आणि केलेच तर लोकांना कसे सांगावे?*

भजनांच्या व्हिडिओंवर जाहिरात सुरू करा, आरत्यांवर करू नका, आणि सुरू करण्याआधी लोकांना सांगा. हे माझे मत. आता हिशेब.

जाहिरातीच्या उत्पन्नातला 55 टक्के वाटा यूट्यूब चॅनेलवाल्याला देते. हा दर नेहमीच्या लांब व्हिडिओंचा आहे. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा आणि बराच कमी पडतो, म्हणून शॉर्ट्स मी धरलेच नाहीत. हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात किती पडेल हे प्रेक्षक कुठला, महिना कोणता आणि व्हिडिओ किती लांब यावर ठरते. मी 30 रुपये धरून चाललो आहे. तुमचा खरा आकडा महिना-दोन महिन्यांत यूट्यूब स्टुडिओत `RPM` या नावाखाली दिसेल, तेव्हा माझा आकडा खोडून तुमचा घाला.

अकरा महिने साठ हजार म्हणजे 6 लाख 60 हजार, आणि चतुर्थीचे 3 लाख. एकूण 9 लाख 60 हजार व्ह्यूजचे वर्षाला 28,800 रुपये होतात. चतुर्थीच्या महिन्याचे सगळे व्ह्यूज आरत्यांचेच धरले आणि आरत्या वगळल्या, तर 9,000 कमी होऊन 19,800 उरतात. सणासुदीला जाहिरातींचे दर चढे असतात, त्यामुळे खरे नुकसान नऊ हजारांहून थोडे जास्तच असेल. तरीही उरलेल्या रकमेत तुमचा 18 हजारांचा खर्च सुटतो. RPM निम्मा निघाला तर अर्धाच खर्च सुटेल. म्हणजे हा पैसा खर्च भागवण्याच्या मापाचा आहे, कमाईच्या मापाचा नाही. पत्नीशी बोलताना हे आकडे समोर ठेवा, कारण त्यांच्या मनातली रक्कम बहुधा याहून बरीच मोठी असेल.

आरत्या का वगळायच्या? भजन माणूस ऐकतो, आरती माणूस करतो. चतुर्थीला घरोघर तुमचा व्हिडिओ टीव्हीवर लावून माणसे गणपतीसमोर उभी राहतात, यजमानाच्या हातात निरांजन असते, पोरे कासाळे वाजवत असतात. त्यात मधेच कर्जाच्या अ‍ॅपची जाहिरात सुरू झाली तर ती वगळायला निरांजन खाली ठेवायचे का? नऊ हजारांसाठी हे करू नये.

भजनांवरही मधल्या जाहिराती बंदच ठेवा. आठ मिनिटांहून लांब व्हिडिओत यूट्यूब मधे जाहिराती घालू देते आणि जागाही आपोआप निवडते. अभंग विलंबित लयीत असला की त्या यंत्राला दोन कडव्यांमधली शांतता म्हणजे विश्रांतीच वाटते. ही निवड तुम्हाला प्रत्येक व्हिडिओला बंद करता येते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या जाहिरातींचे प्रकार एकेक निवडण्याची सोय मात्र 2023च्या अखेरीस नव्या व्हिडिओंसाठी काढून टाकली गेली, त्यामुळे वगळता येणारी जाहिरात लागेल की न येणारी, ते तुमच्या हातात नाही. मधल्या जाहिराती नसल्याने माझे 30 रुपयेही थोडे खाली येतील, ते गृहीत धरा.

जाहिरात कशाची असावी यावर थोडा ताबा आहे. `AdSense for YouTube` या खात्यात संवेदनशील प्रकार अडवण्याची सोय आहे. मद्य, जुगार, ज्योतिष-तोडगे आणि राजकारण हे पहिल्याच दिवशी अडवा. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवरून घरात आधीच वाद होत असतील, त्यात तुकोबांच्या अभंगाआधी पत्त्यांचा डाव नको. ही चाळण शंभर टक्के पकडत नाही, त्यामुळे लोकांना “अशी जाहिरात येणारच नाही” अशी हमी देऊ नका.

आता तुमच्या जुन्या शब्दाकडे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही जे बोललात ते पाळणे तेव्हाही पूर्णपणे तुमच्या हातात नव्हते. जी चॅनेल्स यूट्यूबच्या भागीदारी योजनेत नाहीत, त्यांच्या व्हिडिओंवरही जाहिरात लावण्याचा हक्क यूट्यूबने 2021पासून आपल्या अटींत भारतातही घेतला आहे, आणि तो पैसा सगळा त्यांचाच. एखाद्या प्रेक्षकाला तुमच्या भजनाआधी जाहिरात दिसलीही असेल आणि तुम्ही ती लावली असे त्याला वाटलेही असेल. योजनेत गेल्यावर मात्र प्रत्येक व्हिडिओला जाहिरात चालू की बंद हे तुम्ही ठरवता. आरत्यांवर जाहिरात नको असेल तर योजनेबाहेर राहण्यापेक्षा योजनेत जाऊन तिथली कळ बंद करणे जास्त भरवशाचे, हे मुलाला नाही तर पत्नीला समजावून सांगा. प्रवेशाची अट 1,000 सदस्य आणि मागच्या बारा महिन्यांत 4,000 तास पाहिले गेल्याची आहे. सदस्य तुमच्याकडे भरपूर आहेत, तास मुलाला स्टुडिओत बघायला सांगा.

एक अपवाद आहे, आणि तो नेमका भजनवाल्यांना नडतो. ज्ञानोबा-तुकोबांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण चाल असू शकते. आपल्याकडे संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षे चालीवर हक्क राहतो. गेल्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची रेकॉर्डवर गाजलेली चाल तुम्ही म्हटलीत, तर संगीत कंपनीचा दावा त्या व्हिडिओवर येऊ शकतो, आणि मग तिथे जाहिरात लावायची की नाही हे कंपनी ठरवते व पैसाही सहसा तिकडेच जातो. स्टुडिओत `Content` उघडून `Restrictions` या रकान्यात कुठे `Copyright` लिहिलेय ते आधी पाहा. पारंपरिक घुमट आरत्या तुमच्या वाड्यावर चालत आलेल्या चालीत असतील तर बहुधा अडचण नाही. आरतीवरच दावा निघाला तर ती पारंपरिक चालीत पुन्हा रेकॉर्ड करा, नाहीतर “आरती जाहिरातीविना” हे तुमचे बोलणे त्या एका व्हिडिओपुरते खोटे ठरेल.

लोकांना सांगणे ही कायद्याची सक्ती नाही. पैसे घेऊन एखाद्या वस्तूची भलामण केली तर ते उघड करावे लागते. यूट्यूबने लावलेल्या जाहिरातीला तो नियम लागू नाही. तुम्ही सांगायचे ते तुमच्या शब्दासाठी. जाहिरात सुरू करण्याच्या पंधरा दिवस आधी, भजनाच्या व्हिडिओच्या शेवटी शेपूट म्हणून नव्हे, तर दोन मिनिटांचा वेगळा व्हिडिओ करून सांगा. मी तुमच्या जागी असतो तर असे बोललो असतो:

“नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो की इथे कधी जाहिरात दिसणार नाही. तो शब्द मी आज मागे घेतोय. येत्या 1 तारखेपासून भजनांच्या व्हिडिओंआधी किंवा शेवटी जाहिरात दिसेल, भजनाच्या मधे आम्ही लावणार नाही. आरत्यांवरही आम्ही लावणार नाही. चॅनेलचा खर्च वर्षाला साधारण 18 हजार आहे, तो यातून भागवायचा विचार आहे. कुठली जाहिरात दिसेल हे पूर्णपणे आमच्या हातात नाही. काही वावगे दिसले तर त्याचा फोटो पाठवा, आम्ही ती अडवण्याचा प्रयत्न करू. वर्षभरात किती आले आणि कशावर गेले ते पुढच्या चतुर्थीआधी इथेच सांगेन.”

यात “देवकार्यासाठी” हा शब्द मी मुद्दाम घातलेला नाही. तो उच्चारलात की लोक पैसा देवस्थानाचा समजतात. गोव्यात देवस्थाने महाजनांची, त्यांचा कारभार 1933च्या पोर्तुगीजकालीन महाजनी कायद्याखाली चालतो आणि देखरेख मामलेदाराकडे असते. कुणी उद्या समितीच्या बैठकीत “आमच्या देवळाच्या नावावर किती जमले?” असे विचारले तर तुमच्याकडे उत्तर नसेल. देवळात केलेल्या चित्रणावर जाहिरात लावणार असाल तर समितीची लेखी परवानगी आधी घ्या.

घोषणेनंतर प्रेमळ मंडळी नक्की म्हणतील, “गुरुजी, आम्ही रोज जाहिरातीवर क्लिक करू.” त्यांना तिथल्या तिथे थांबवा, आणि स्वतःही असे कधी सुचवू नका. मुद्दाम केलेले क्लिक यूट्यूब अवैध धरते, पैसे कापते आणि पुन्हा पुन्हा झाले तर खातेच बंद करते.

पैसा हातात कधी येतो? खात्यात 100 डॉलर जमल्यावरच. डॉलर 90 रुपयांच्या आसपास धरला तर ते 9,000 रुपये झाले, म्हणजे तुम्हाला वर्षाला दोनदाच रक्कम मिळेल. त्याआधी 10 डॉलर झाले की पत्ता तपासण्यासाठी टपालाने पिन येतो. पत्त्यात घर क्रमांक आणि वाडा पोस्टमनला ओळखू येईल असा घाला. अमेरिकेचा `W-8BEN` फॉर्मही ऑनलाइन भरावा लागतो. पॅन देऊन तो भरलात तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर 15 टक्के कापले जातात. भरलाच नाहीत तर जगभरच्या एकूण रकमेवर 24 टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते.

इथला कर या रकमेवर बहुधा लागणारच नाही. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीने कर शून्य होतो, आणि उलाढाल 20 लाखांच्या खूप खाली असल्याने जीएसटी नोंदणीचाही प्रश्न नाही. विवरणपत्रात मात्र गोव्याची एक गोष्ट येते. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेखाली पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असेल, तर पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत निम्मेनिम्मे वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवावे लागते. जुन्या आयकर कायद्यात हे कलम 5अ होते, 1 एप्रिल 2026पासूनच्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. तुमची पेन्शन पगारात मोडते, ती एकट्या तुमची. जाहिरातीचे 19,800 मात्र 9,900 आणि 9,900. ज्यांना हे पैसे नको आहेत, त्यांच्याच नावावर कायदा अर्धे टाकतो! आजवर साधे ITR-1 भरत असाल तर ते यापुढे चालणार नाही, ITR-3 आणि त्यातली 5अची अनुसूची भरावी लागेल. पहिल्या वर्षी हे सनदी लेखापालाकडून करून घ्या, आणि त्याची फी 18 हजारांच्या खर्चात जोडा.

मित्रांना मानधन द्यायचे असेल तर ते आत्ताच कागदावर ठरवा आणि बँकेतून द्या. खातेही तुमच्या नावाने उघडा, मुलाच्या नको. गाणारे तुम्ही, शब्द देणारे तुम्ही, आणि उद्या तो नोकरीसाठी पुण्या-बेंगळुरूला गेला तर पैसा, पिन आणि पासवर्ड तिघेही त्याच्याबरोबर जातील.