अमिनो ॲसिडमधला नायट्रोजन जातो कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मॅडम, आमच्या क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की ट्रान्सअमिनेशनमध्ये अमोनिया सुटतो आणि तोच युरिया सायकलमध्ये जातो. बरोबर आहे का? — एमबीबीएस पहिलं वर्ष, सायन

चूक आहे. ती ओळ खोडून टाक, आणि नोट्स विकणाऱ्यांनाही कळव, कारण हीच ओळ घेऊन दर वर्षी मुलं माझ्याकडे येतात.

ट्रान्सअमिनेशनमध्ये काहीच सुटत नाही. अमिनो गट एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर ठेवला जातो, एवढंच. ॲलॅनिन घे. स्नायूंमधून रक्तात आलेलं ॲलॅनिन लिव्हरमध्ये पोचतं, तिथे एएलटी हे एन्झाइम त्याचा अमिनो गट काढून अल्फा-कीटोग्लुटारेटला देतं. ॲलॅनिनचं झालं पायरुवेट, त्यापासून लिव्हर ग्लुकोज बनवतं, आणि कीटोग्लुटारेटचं झालं ग्लुटामेट. मधल्या क्षणी तो गट बी-६ जीवनसत्त्वापासून बनलेल्या पायरिडॉक्सल फॉस्फेटवर बसलेला असतो, म्हणून बी-६ शिवाय हे चालत नाही. बहुतेक अमिनो ॲसिडांचा नायट्रोजन असाच ग्लुटामेटवर येऊन जमतो (लायसिन आणि थ्रिओनिन या वाटेने जात नाहीत, व्हायव्हात विचारतात).

आता ग्लुटामेटपुढे दोन वाटा असतात आणि खरी गंमत इथे आहे. एका वाटेवर मायटोकॉन्ड्रियात ग्लुटामेट डिहायड्रोजनेज त्याचा नायट्रोजन मोकळा करतं, अमोनिया सुटतो तो इथे. दुसऱ्या वाटेवर एएसटी तोच गट ऑक्झॅलोॲसिटेटला देतं आणि ॲस्पार्टेट तयार होतं, म्हणजे पुन्हा ट्रान्सअमिनेशन, पुन्हा अमोनिया नाही. युरियाच्या रेणूत नायट्रोजन दोन असतात, त्यातला एक अमोनियाकडून येतो आणि दुसरा ॲस्पार्टेटकडून. म्हणजे दोन ॲलॅनिनचे दोन नायट्रोजन दोन वेगवेगळ्या दारांनी आत येतात आणि एक युरिया बनतो.

पायऱ्या पाच. मायटोकॉन्ड्रियात अमोनिया आणि बायकार्बोनेट मिळून कार्बामॉइल फॉस्फेट होतं, हे काम सीपीएस-१ करतं. ते ऑर्निथिनला जोडलं की सिट्रुलिन, हे ओटीसी नावाच्या एन्झाइमचं काम. सिट्रुलिन मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर येतं, त्याला ॲस्पार्टेट जोडलं जातं, झालं आर्जिनिनोसक्सिनेट. ते फुटून आर्जिनिन आणि फ्युमरेट, आणि शेवटी आर्जिनेज आर्जिनिनमधून युरिया कापून काढतं, उरलेलं ऑर्निथिन परत मायटोकॉन्ड्रियात. ओटीसी लक्षात ठेव, खाली लागणार आहे.

प्रश्न: ब्लड युरिया वाढलाय म्हणजे युरिक ॲसिडच ना? डाळी बंद करू का? — गोरेगाव

नाही. युरिक ॲसिड प्युरिनपासून बनतं, युरिया अमिनो ॲसिडच्या नायट्रोजनपासून, दोघांची वाट वेगळी. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून डाळ बंद करू नका, रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: जिम करतो, प्रोटीन भरपूर घेतो. एका लॅबमध्ये युरिया ४२ आला, पंधरा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये १९.६. ट्रेनर म्हणतो त्याच्याकडच्या ऑर्निथिनच्या कॅप्सूलमुळे अमोनिया डिटॉक्स झाला. चालू ठेवू का? — मुलुंड

दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि नाव वाचा. पहिल्यावर 'युरिया' असेल, दुसऱ्यावर 'बीयूएन', म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. १९.६ गुणिले २.१४ करा, ४२ च येतात. म्हणजे काहीही कमी झालेलं नाही, आणि त्यावर कॅप्सूल विकली जातेय याचा मला खरंच राग येतो.

१०० ग्रॅम प्रोटीनमध्ये साधारण १६ ग्रॅम नायट्रोजन असतो. स्नायू वाढत नसतील तर जवळजवळ तेवढाच रोज बाहेर पडायला हवा, तो सगळा युरियातून गेला असं धरलं तर सुमारे ३४ ग्रॅम युरिया झाला. जास्त खाल्लं तर जास्त बनणार, निरोगी लिव्हर आठवड्याभरात सायकलची एन्झाइम्स वाढवून ते पेलतं. ऑर्निथिन यात खर्च होत नाही, प्रत्येक फेरीनंतर जसंच्या तसं परत मिळतं. क्रेब्ज आणि हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये लिव्हरच्या पातळ कापांवर हेच दाखवलं, थोडंसं ऑर्निथिन घातलं तरी त्याच्या मानाने कितीतरी जास्त युरिया तयार होत राहिला आणि त्यावरून ही सायकल आहे हे कळलं. निरोगी माणसाला ते विकत घ्यायची गरज नाही. तरी युरियासोबत क्रिएटिनिन बघून घ्या आणि प्रोटीन किती घ्यायचं ते ट्रेनरला नाही, फिजिशियनला विचारा.

प्रश्न: एसजीपीटी ९० आहे. म्हणजे माझं ट्रान्सअमिनेशन जास्त होतंय का? — ठाणे

नाही. एसजीपीटी म्हणजे वर सांगितलेलं एएलटीच, ते पेशीत काम करतं. रक्तात वाढलं म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा होऊन ते बाहेर आलंय. का आलंय ते शोधायला हवं, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: माझ्या ताईचं पहिलं बाळ, मुलगा, चौथ्या दिवशी गेलं. जन्मला तेव्हा छान होता, मग झोपाळू झाला, दूध ओढेना. इन्फेक्शन म्हणाले. आईचे दोन भाऊ पण बाळ असतानाच गेले होते. घरचे म्हणतात नशीब. ताईला आता पाचवा महिना आहे. काही टेस्ट असते का? — दादर

असते, आणि कृपा करून या आठवड्यात ताईला घेऊन जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे जा, परळच्या मोठ्या हॉस्पिटलांमध्ये ही ओपीडी चालते. पत्रावरून मी निदान करू शकत नाही. पण आईचे भाऊ गेले, मग मुलीचा मुलगा गेला, असं आईच्या बाजूने फक्त मुलग्यांचं जाणं बघितलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते ओटीसीची कमतरता. त्याचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. बाईकडे दुसरा एक्स असतो म्हणून ती बहुतेक वेळा निभावते, मुलग्याकडे एकच. कारण दुसरं पण निघू शकतं, म्हणूनच तपासणी.

असं बाळ जन्मताना ठणठणीत असतं कारण पोटात असेपर्यंत त्याचा नायट्रोजन वारेतून आईकडे जातो आणि आईचं लिव्हर त्याचा युरिया करतं. नाळ कापली की ते थांबतं. ट्रान्सअमिनेशन मात्र व्यवस्थित चालू असतं, नायट्रोजन ग्लुटामेटवर जमतो, अमोनिया सुटतो, कार्बामॉइल फॉस्फेट पण बनतं, आणि पुढची पायरीच नाही. एक-दोन दिवसांत अमोनिया मेंदूवर चढतो. बाळ सुस्त होतं, दूध ओढत नाही, उलट्या, आणि श्वास भराभर. दिसायला सगळं जंतुसंसर्गासारखं, म्हणून ॲन्टिबायोटिक सुरू होतं, ते चूक नाही, करायलाच हवं. चूक ही की सोबत अमोनियाची टेस्ट पाठवली जात नाही. गंभीर जंतुसंसर्गात रक्त बहुधा आम्लाकडे झुकतं, इथे अमोनियामुळे श्वास वाढून सुरुवातीला ते अल्कलीकडे झुकतं. सुस्त बाळ, भराभर श्वास आणि ब्लड गॅसमध्ये अल्कलोसिस असं तिन्ही एकत्र दिसलं तर अमोनिया त्याच तासाला गेला पाहिजे, 'उद्या सकाळच्या राउंडला बघू' नाही.

आणि तो नीट गेला पाहिजे, कारण हे सॅम्पल नाजूक असतं. रक्त सहज वाहणाऱ्या शिरेतून घ्यायचं, नळी बर्फात ठेवायची, जमेल तर पंधरा मिनिटांत लॅबमध्ये आणि लगेच प्लाझ्मा वेगळा. नळी तशीच पडून राहिली तर रक्तातच अमोनिया बनत राहतो आणि आकडा खोटा वाढतो. याचा उलटा परिणाम मी बघितलाय, खरा वाढलेला आकडा पण 'सॅम्पलची गडबड असेल' म्हणून बाजूला ठेवतात. नवजात बाळात अमोनिया साधारण १०० मायक्रोमोलच्या आत असतो, १५० ते २०० च्या वर गेला तर दुसरं सॅम्पल पाठवा पण ते येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, मेटाबॉलिक डॉक्टरांना त्याच वेळी फोन करा. युनिट पण बघा, काही लॅब मायक्रोग्रॅममध्ये देतात आणि तो आकडा सुमारे १.७ पट मोठा दिसतो.

मग कोणती पायरी अडली ते कळतं. ओटीसी नसेल तर सिट्रुलिन खूप कमी, आणि साचलेलं कार्बामॉइल फॉस्फेट दुसऱ्या वाटेला लागून लघवीत ओरोटिक ॲसिड वाढतं. सिट्रुलिन कमी पण ओरोटिक ॲसिड वाढलेलं नाही, तर अडचण त्याच्या आधी, सीपीएस-१ पाशी.

उपचार थांबत नाहीत त्यासाठी. प्रोटीन एक-दोन दिवसच बंद, शिरेतून ग्लुकोज भरपूर, नाहीतर उपाशी शरीर स्वतःचे स्नायू फोडून आणखी नायट्रोजन काढतं. सोडियम बेन्झोएट ग्लायसिनला पकडून लघवीतून नेतं, फेनिलब्युटिरेटपासून बनलेलं फेनिलॲसिटेट ग्लुटामिनला पकडतं, म्हणजे युरियाची वाट बंद असताना नायट्रोजन दुसऱ्या दाराने काढायचा. आकडा खूप वर असेल तर डायलिसिस, आणि तेही लगेच, कारण अमोनिया जितके तास वर राहतो तितकी मेंदूची हानी वाढते.

तुमच्यासाठी महत्त्वाचं. पहिल्या बाळाचा रक्ताचा वाळवलेला थेंब किंवा डीएनए कुठे ठेवलाय का विचारा. नसेल तर ताईचीच जीन टेस्ट आधी. ती वाहक निघाली तर होणारा मुलगा असेल तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, म्हणून बाळंतपण जिथे नवजात बाळाचं डायलिसिस होतं तिथेच ठरवा आणि जन्मानंतर काय करायचं ते कागदावर लिहून घ्या. आणि ताईकडे पण लक्ष द्या, हे कुणी सांगत नाही. वाहक बाईचा अमोनिया बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत चढू शकतो, कारण गर्भाशय आकसताना प्रोटीन मोडतं. ती गोंधळल्यासारखी बोलायला लागली, विचित्र वागली, उलट्या झाल्या, तर 'बाळंतपणाचा थकवा' म्हणून झोपवू नका, अमोनिया करा. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध तिला देण्याआधी ही हिस्टरी सांगा. तुम्ही तिची सख्खी बहीण असाल तर तुमचीही टेस्ट करून घ्या.

प्रश्न: एका युरियाला एटीपी ३ लागतात की ४? दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत. — बारावीनंतर बी.एस्सी., डोंबिवली

रेणू ३, उच्च ऊर्जेचे बंध ४, कारण तिसरा एटीपी तुटून एएमपी होतो. पेपरात दोन्ही लिही.