फोटोवरून खांदा आणि धड ओळखून ब्लेझर व कुर्त्याचा कट ठरवणे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ जर्मनीत असतो आणि बहिणीच्या लग्नाच्या दोनच दिवस आधी पुण्यात पोहोचेल. त्याने मोबाइलवर पूर्ण उंचीचा फोटो पाठवला आहे. त्यावरून खांद्याची रुंदी आणि धडाची लांबी ओळखून ब्लेझर व कुर्ता कोणत्या कटचा घ्यावा हे ठरवता येईल का?

उत्तर : कट ठरवता येईल, पण शिवणकामाचे पक्के माप केवळ फोटोवरून घेऊ नका. खांदे रुंद आहेत की अरुंद, उतरते आहेत की चौकोनी, धड पायांच्या मानाने लांब आहे की आखूड, हे नीट काढलेल्या फोटोतून भरवशाने कळते. मी पुरुषांचे कपडे शिवतो आणि परगावी राहणाऱ्या ग्राहकांचे काम बरेचदा फोटोवरूनच सुरू करावे लागते. त्या अनुभवावरून सांगतो की पहिला फोटो जवळजवळ नेहमी बाजूला ठेवावा लागतो, आणि तुमच्या भावाने पाठवलेला फोटोही कदाचित तसाच असेल.

याचे कारण असे की घरातले फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, फोन थोडा खाली झुकवून काढले जातात. समोरचा माणूस दोन मीटरवर असेल आणि पाय चौकटीत यावेत म्हणून फोन झुकवला असेल, तर पाय लेन्सपासून डोक्यापेक्षा बरेच दूर पडतात आणि पायांकडचा भाग डोक्याकडच्या भागापेक्षा सुमारे पाव पटीने लहान उमटतो. अशा फोटोत प्रत्येकाचे धड लांब, पाय आखूड आणि खांदे भरदार दिसतात. फोन जमिनीजवळ धरून वर रोखला की याच्या नेमके उलट होते. त्यामुळे धड लांब आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी कॅमेरा कुठे होता हे विचारणे आवश्यक आहे.

भावाला नवा फोटो काढायला सांगा. फोन त्याच्या बेंबीच्या उंचीवर टेबलावर किंवा स्टँडवर अगदी उभा, पुढे-मागे न झुकवता ठेवावा आणि त्याने चार मीटर दूर, चौकटीच्या मधोमध उभे राहावे. अंतरामुळे तो फारच लहान दिसत असेल तर दुप्पट झूम चालेल, मात्र जवळ येऊ नये, कारण साध्या लेन्सचा कोन रुंद असतो आणि जवळून काढलेल्या फोटोत लेन्सकडे आलेला भाग फुगतो. पाय अनवाणी, टाचा जमिनीला टेकलेल्या, हात अंगापासून थोडे सुटे आणि अंगावर घट्ट टी-शर्ट असावा. पँट कमरेवर नीट चढवलेली असावी, कारण खाली घसरलेल्या जीन्समुळे धड चार-पाच सेंटिमीटर लांब भासते. समोरून, पाठीमागून आणि बाजूने असे तीन फोटो लागतील.

फोटो हाती आल्यावर प्रथम तो वळून उभा नाही ना हे पाहा. शरीर २० अंश जरी वळले तरी खांद्याची रुंदी सहा टक्क्यांनी कमी दिसते, म्हणजे ४० सेंमीचा खांदा ३७.६ सेंमी भरतो, आणि एवढ्या फरकाने ब्लेझरचा आकडा चुकू शकतो. दोन्ही कान सारखे दिसत असतील आणि मानेच्या मध्यापासून दोन्ही खांद्यांची टोके समान अंतरावर असतील, तर तो सरळ उभा आहे असे समजावे.

खांद्याचे टोक म्हणजे दंडाच्या स्नायूची बाहेरची कड नव्हे. खांद्यावर जे हाड बोटाला लागते आणि जिथून हात खाली वळतो, ते टोक धरायचे असते. फोटोत ते चाचपता येत नाही, म्हणून भावाने दोन्ही हाडांवर रंगीत चिकटपट्टीचा लहान तुकडा लावावा. व्यायाम करणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे फार उपयोगी पडते, कारण त्यांचे दंड भरलेले असतात आणि बाहेरची कड धरून घेतलेला ब्लेझर खांद्यावर लोंबतो. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येते, त्यावरही एक तुकडा लावावा, कारण पाठीकडची उंची तिथूनच मोजली जाते.

आता एका ग्राहकाचे उदाहरण घेऊ. त्याची उंची १७४ सेंमी होती आणि फोटोत डोक्याच्या माथ्यापासून टाचेपर्यंत २७८४ पिक्सेल भरले, म्हणजे एका सेंटिमीटरला १६ पिक्सेल. केसांची उंची यात धरायची नसते, अन्यथा पुढची सगळी मापे कमी येतात. दोन्ही खांद्यांच्या हाडांमधले अंतर ६४० पिक्सेल, म्हणजे ४० सेंमी आले, आणि नितंबांची रुंदी ५४४ पिक्सेल, म्हणजे ३४ सेंमी. मानेच्या हाडापासून जमिनीपर्यंत २३६८ पिक्सेल, म्हणजे १४८ सेंमी भरले. दोन्ही पाय जिथे फुटतात तो बिंदू जमिनीपासून १२३२ पिक्सेल, म्हणजे ७७ सेंमीवर होता.

या शेवटच्या आकड्यात खरी माहिती आहे. पाय फुटण्याचा बिंदू सामान्यतः उंचीच्या ४६ ते ४८ टक्क्यांवर येतो. या उंचीला तो ८० ते ८३ सेंमीच्या आसपास अपेक्षित होता, पण इथे तो ४४ टक्क्यांवर आला, म्हणजे धड निश्चितच लांब. तरी मी पडताळणीसाठी त्याला भिंतीला पाठ टेकवून कठीण स्टुलावर बसायला सांगितले आणि बसलेल्या स्थितीत स्टुलापासून माथ्यापर्यंतची उंची पाहिली. प्रौढ माणसात ती एकूण उंचीच्या साधारण ५२ टक्के असते. त्याची ५४ टक्क्यांहून अधिक आली, त्यामुळे दोष पँटचा नाही हे स्पष्ट झाले.

ब्लेझरच्या लांबीचा जुना हिशेब असा की मानेच्या हाडापासून जमिनीपर्यंतच्या अंतराचा अर्धा भाग घ्यावा. इथे तो ७४ सेंमी होतो आणि पाठीच्या गोलाईसाठी एक सेंमी धरून ७५. या लांबीला कोटाची खालची कड जमिनीपासून ७४ सेंमीवर येते आणि नितंब जेमतेम झाकले जातात. रेडिमेडमध्ये मिळणारा ७० सेंमीचा आखूड ब्लेझर या माणसाला घातला, तर कड सुमारे चार-पाच सेंमी वर जाते, मागचा भाग उघडा पडतो आणि लांब धड आणखी लांब दिसते. उलट, धड लांब आहे म्हणून कोट ७८-७९ सेंमीचा केला तर तोकडे पाय आणखी तोकडे होतात. म्हणून लांब धडाला मी अर्ध्याचा हिशेब मोडत नाही. बदल करतो तो बटणाच्या जागी. दोन बटणांच्या कोटाचे वरचे बटण बेंबीच्या दीड-दोन सेंमी वर घेतले की कमरेचा आकार वर सरकतो आणि पाय लांब भासतात. धड आखूड असेल, तर हेच बटण बेंबीच्या पातळीवर आणावे म्हणजे समोरचा गळा पुरेसा खोल राहतो. आखूड धडाला तीन बटणांचा कोट मला पटत नाही, कारण त्याने छातीची उरलीसुरली उंचीही झाकली जाते.

कुर्त्याच्या बाबतीत धडाच्या लांबीचे महत्त्व बरेच कमी होते, कारण गुडघ्यापर्यंतचा कुर्ता धड आणि पाय यांची सीमाच झाकून टाकतो. याच माणसाचा गुडघा ४८ सेंमीवर होता, त्यामुळे कुर्त्याची लांबी १०० सेंमी, म्हणजे सुमारे साडेएकोणचाळीस इंच निघाली. लांब धडाच्या माणसाने मांडीच्या मध्यावर संपणारा आखूड कुर्ता टाळावा आणि बाजूचा कट कमरेच्या हाडाच्या जरा खाली सुरू होईल असा ठेवावा. कट फार खाली सुरू झाला की तिथपर्यंतचा सलग पट्टा धडाचाच भाग वाटतो.

कुर्त्यात निर्णय खांद्यावर होतो. पारंपरिक कुर्त्यात अंगाचा पट्टा सरळ असतो, बाही खांद्याच्या हाडाच्या खाली जोडली जाते आणि काखेत चौबगला, म्हणजे कापडाचा लहान चौकोनी तुकडा, बसवतात. रुंद, चौकोनी खांद्याला हा कट उत्तम पडतो. खांदे अरुंद किंवा उतरते असतील तर हाच जोड दंडावर ओघळतो आणि माणूस कुर्त्यात बुडाल्यासारखा दिसतो; तिथे गोल मुंढ्याची, म्हणजे बाही जोडण्यासाठी गोल कापलेल्या भागाची, शर्टासारखी बसवलेली बाही आणि उभी बंद कॉलर घ्यावी. उतार ओळखण्यासाठी मानेची बाजू जिथे खांद्याला मिळते तिथून खांद्याच्या हाडापर्यंतची उतरण मोजावी. ती चार-पाच सेंमी असेल तर खांदा सामान्य, सहाच्या पुढे गेली तर उतरता आणि साडेतीनच्या आत असेल तर चौकोनी समजावा. उतरत्या खांद्याच्या ब्लेझरमध्ये पातळ पॅड असावे, अन्यथा मानेकडून काखेकडे तिरप्या चुण्या पडतात. चौकोनी खांद्याला पॅड जवळजवळ नकोच, नाहीतर कॉलरखाली पाठीवर आडवी वळी उभी राहते. खांद्याची आणि नितंबांची रुंदी जवळजवळ सारखी निघाली, तर थोडे बांधीव खांद्याचे ब्लेझर घ्यावे; या ग्राहकाचा सहा सेंमीचा फरक पुरेसा होता, म्हणून त्याला मऊ खांदा दिला.

फोटोतून निघालेले ४० सेंमी शिंप्याला खांद्याचे माप म्हणून मात्र देऊ नका. फोटो हाडापासून हाडापर्यंत सरळ रेषा दाखवतो आणि टेप पाठीच्या गोलाईवरून खांद्याच्या कडेपर्यंत जातो, त्यामुळे टेपचे माप साधारणपणे तीन ते पाच सेंमी जास्त येते. नेमका फरक माणसागणिक बदलतो. तो भरून काढण्यासाठी भावाने आपला सर्वांत नीट बसणारा शर्ट सपाट पसरून, पाठीकडून एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचे अंतर कळवावे. टेप नसेल तर शर्टावर ए४ कागद ठेवून अगदी वरून फोटो काढावा, कारण त्या कागदाची लांबी २९.७ सेंमी ठरलेली असते. छाती आणि पोटाचा घेर समोरच्या फोटोवरून काढण्याचा प्रयत्न करू नका, कारण शरीराची जाडी त्यात दिसतच नाही. दोरी गुंडाळून ती पट्टीवर मोजली तरी फोटोपेक्षा अचूक माप मिळते. बाजूच्या फोटोचा उपयोग पोक आहे का हे पाहण्यासाठी होतो. पोक असल्यास कोटाची पाठ थोडी लांब आणि पुढचा भाग थोडा आखूड करावा लागतो, आणि ही गोष्ट रेडिमेड कोटात मिळत नाही.

तुमच्याकडे दोनच दिवस असल्याने ब्लेझर खांद्यावर बिनचूक बसेल असाच निवडा. बाहीची लांबी आणि कमरेचा घेर शिंपी एका दिवसात कमी करू शकतो, पण खांदा कमी करायचा तर बाह्या उसवून मुंढा पुन्हा कापावा लागतो. दोन आकड्यांमध्ये अडलात तर दोन्ही मागवा आणि भाऊ आल्यावर घालून पाहा. बाहीच्या वरच्या भागात, खांद्याच्या टोकाखाली खळगा पडला तर खांदा मोठा आहे, आणि दंड बाहीच्या शिवणीबाहेर फुगून आला तर लहान आहे. कुर्ता मात्र आताच शिवायला टाका, फक्त खालची पट्टी दुमडून न शिवता टाचून ठेवायला सांगा, म्हणजे भाऊ आल्यावर लांबी एका तासात पक्की करता येईल.